पीपीओवर शिंदे, पासबुकावर जाधव : नावाच्या तफावतीबद्दल खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व कार्यालयप्रमुख व आहरण-संवितरण अधिकारी,
सर्व कोषागार अधिकारी,
आणि निवृत्तिवेतनाची खाती सांभाळणाऱ्या बँकांचे शाखा व्यवस्थापक

महोदय / महोदया,

नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याची यादी कोषागारातून बँकेत येते. यादीतले नाव पासबुकाशी जुळले नाही, की काउंटरवरून उत्तर मिळते, "कोषागारात जा." कोषागारात गेले की, "बँकेतून नाव दुरुस्त करून आणा." बँक म्हणते, आधारवर आहे तेच नाव राहणार. शेवटी माणूस जुन्या कार्यालयात जातो, तर तिथला आस्थापना लिपिक नवा असतो आणि तो म्हणतो, तुम्ही तर निवृत्त झालात, आता आमच्याकडे काय? चौघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. पण तफावत नेमकी कुठे आहे आणि ती कोणी दुरुस्त करायची, हे चौघांपैकी एकही कागदावर लिहून देत नाही. आमचा आक्षेप याला आहे.

हे पत्र लिहिणारे आम्ही सगळे लेखा आणि आस्थापना शाखांतून निवृत्त झालेले कर्मचारी आहोत. आमचेही घर निवृत्तिवेतनावरच चालते आणि इतरांची कागदपत्रे लावून देण्याचे काम आमच्याकडे येत राहते. म्हणून नुसती तक्रार न करता ही दुरुस्ती कशी होते तेही इथे लिहितो. ज्यांचे नाव अडकले आहे त्यांनीही हे वाचावे. इथली वाट महालेखापालांकडून पीपीओ निघणाऱ्या राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांची आहे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचा पीपीओ जिल्हा परिषदच काढते. त्यांनी खाली जिथे महालेखापाल आहे तिथे जिल्हा परिषदेचा वित्त विभाग समजावा.

आधी एक गोष्ट. निवृत्तिवेतन सुरळीत जमा होत असताना नावाचा घोळ मध्येच कसा उगवतो, असे पुष्कळजण विचारतात. रक्कम बँकेत जाते ती खाते क्रमांकावर. एनईएफटीने पैसे जमा करताना बँकेने नाव पाहण्याची सक्ती नाही, क्रमांक बरोबर असला की पैसे जमा होतात. त्यामुळे तफावत वर्षानुवर्षे झाकलेली राहते आणि जिथे माणूस नावाने ओळखावा लागतो तिथे उघडी पडते. पहिली वेळ निवृत्तीनंतर कोषागारात ओळख पटवताना येते, दुसरी दरवर्षी हयातीच्या दाखल्याला, आणि तिसरी, सर्वांत वाईट, कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी. पैसे येताहेत म्हणजे नाव बरोबर आहे, असे कोणी धरून चालू नये.

आता तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार कार्यालयप्रमुखांकडे. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे निवृत्तीच्या दोन वर्षे आधी तयार करायला घ्यायची आणि प्रकरण सहा महिने आधी महालेखापालांकडे पाठवायचे, असे नियम सांगतात. ही दोन वर्षे जातात कुठे? वेतनपडताळणी, रजेचा हिशेब आणि ना-देय दाखला या तिन्हींचा पाठपुरावा होतो. पण सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावरचे नाव आणि कर्मचाऱ्याच्या आजच्या पासबुकावरचे नाव शेजारी ठेवून वाचायला पाच मिनिटे पुरतात, तीही कोणी देत नाही. मग सेवापुस्तकात जे असते तेच पीपीओवर उतरते. घोळाचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

हे एका प्रकरणावरून दाखवतो. नावे नमुन्याची आहेत, प्रकार मात्र रोजचा आहे. एक बाई लग्नाआधी नोकरीला लागल्या. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘कु. सुमन गणपत शिंदे’. लग्न झाले, पगारपत्रकावर ‘सौ. सुमन विलास जाधव’ असे नाव येऊ लागले, पगाराचे खाते याच नावाने उघडले, पुढे पॅन आणि आधारही याच नावाने निघाले. पण सेवापुस्तकात नावबदलाची नोंद कोणी घेतलीच नाही. निवृत्तीच्या वेळी पीपीओ निघाला `SHINDE SUMAN GANPAT` या नावाने आणि पासबुकावर आहे `SUMAN VILAS JADHAV`. खाते क्रमांक बरोबर होता, म्हणून पैसे जमाही होऊ लागले. अडले ते नोव्हेंबरच्या यादीवर सही करताना.

इथे पहिला प्रश्न असतो, कुठला कागद बदलायचा. ‘बँकेतले नाव शिंदे करून आणा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. बँक खात्याचे नाव ओळखपत्रावरून ठरते, आणि बाईंची सगळी ओळखपत्रे जाधव नावाची आहेत. त्याहून घातक सल्ला म्हणजे आधार शिंदे करून घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. एक संधी अशी गेली, शिवाय पॅन जुळेनासे झाले, की एका तफावतीच्या दोन होतात. आमचा ठोकताळा सोपा आहे. आधार, पॅन आणि पासबुक हे तिन्ही एकमेकांशी जुळत असतील तर त्यांना हात लावायचा नाही, पीपीओच दुरुस्त करून घ्यायचा. तिघांपैकी एकटे पासबुक वेगळे असेल तर बँकेत जायचे. आणि पासबुक आधारशी जुळते पण आधारच पीपीओ आणि पॅनपेक्षा वेगळा असेल, तर आधी आधार, मग बँक. हा क्रम उलटा केला तर पुढच्या केवायसीत बँकेतले नाव पुन्हा मागच्यासारखे होते.

सुमनबाईंच्या प्रकरणात पीपीओ बदलायचा आहे, म्हणजे पुरावा हवा. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र असेल तर ते जोडावेच, पण त्यावर बहुतेक वेळा वधूचे माहेरचे नाव आणि वराचे नाव एवढेच असते. लग्नानंतर बाईंनी कोणते नाव घेतले हे त्यात लिहिलेले नसते. त्रुटी लागते ती इथे. म्हणून राज्याच्या राजपत्रात नावबदलाची सूचना प्रसिद्ध करून घेणे हा पक्का मार्ग. राजपत्राचा अर्ज भरताना एक दक्षता हवी. जुने नाव पीपीओवर ज्या अक्षरांत आहे अगदी त्याच अक्षरांत लिहावे, आणि नवे नाव आधारवर आहे तसे. पीपीओवर `GANPAT` आणि राजपत्रात `GANPATRAO` झाले, तर छापून आलेला कागद असूनही तिसरे नाव उभे राहते आणि पुन्हा प्रतिज्ञापत्र लागते.

मग अर्ज. तो थेट महालेखापालांकडे पाठवून उपयोग होत नाही, तिथून तो कार्यालयामार्फत पाठवा म्हणून परत येतो. ज्या कार्यालयातून निवृत्त झालात त्या कार्यालयप्रमुखांच्या नावे अर्ज करावा, आणि ते कार्यालय बंद किंवा विलीन झाले असेल तर ज्यांच्याकडे सेवापुस्तक आहे त्या वरिष्ठ कार्यालयाकडे. अर्जात नुसते ‘नाव दुरुस्त करावे’ असे लिहू नये. आम्ही लिहून देतो तो मजकूर साधारण असा असतो :

‘माझ्या पीपीओ क्रमांक अमुकवर माझे नाव SHINDE SUMAN GANPAT असे आहे. विवाहानंतर माझे नाव SUMAN VILAS JADHAV असे झाले असून आधार, पॅन व बँक खाते याच नावाने आहे. राजपत्राची प्रत जोडली आहे. मूळ सेवापुस्तकात नावबदलाची नोंद घेऊन पीपीओच्या दोन्ही प्रतींत दुरुस्ती करण्याचा प्रस्ताव महालेखापालांकडे पाठवावा, ही विनंती. बँक खात्यात कोणताही बदल नाही.’

शेवटचे वाक्य मुद्दाम आहे. नावाच्या दुरुस्तीबरोबरच शाखा किंवा खातेही बदलून मागितले, की दोन प्रस्ताव दोन टेबलांवर फिरतात आणि एकमेकांसाठी थांबून राहतात. आधी नाव पूर्ण करावे, खाते बदलायचे असले तरी ते नंतर.

सोबत पीपीओ, राजपत्र, आधार, पॅन आणि पासबुकाच्या पहिल्या पानाच्या साक्षांकित प्रती जोडाव्यात. मूळ पीपीओ मागितला तर दोन्ही बाजूंची छायाप्रत घरी ठेवून, पोच घेऊनच द्यावा. पीपीओवर पेनने खाडाखोड करून कोणी ‘करून देतो’ म्हणाले तर करू देऊ नये, सक्षम सहीशिवाय ती दुरुस्ती कोणी मानत नाही. कार्यालयाने सेवापुस्तकात राजपत्राचा क्रमांक व दिनांक घालून नोंद घ्यायची, ती साक्षांकित करायची आणि प्रस्ताव पाठवायचा. अर्जदाराने त्या प्रस्तावाचा जावक क्रमांक लिहून घ्यावा, कारण पुढची सगळी चौकशी त्या क्रमांकावर होते.

महालेखापालांकडून दुरुस्तीचे पत्र निघाले म्हणजे काम संपले, असे समजू नये. पीपीओच्या दोन प्रती असतात, एक कोषागारात आणि एक निवृत्तिवेतनधारकाकडे. दुरुस्ती दोन्हींवर व्हावी लागते आणि शिवाय कोषागाराच्या संगणकात. तिसरी जागा सर्वाधिक राहून जाते. कागद दुरुस्त होतो, पण पुढच्या नोव्हेंबरची यादी संगणकातून जुन्याच नावाने छापून येते. म्हणून पत्र आल्यावर आपली प्रत घेऊन कोषागारात जावे, तिच्यावर दुरुस्ती घ्यावी आणि पडद्यावरचे नाव डोळ्यांनी वाचूनच बाहेर पडावे.

दुसरी तक्रार कोषागारांकडे. ‘नाव जुळत नाही, सबब परत’ हा शेरा आम्ही आमच्या नोकरीत पुष्कळ पाहिला आणि त्याने कोणाचेही काम पुढे सरकलेले पाहिले नाही. कोणते नाव, कोणत्या कागदावर, कोणते अक्षर? शासकीय कागदांवर आडनाव आधी येते, बँकेत आणि आधारवर शेवटी. `JADHAV SUMAN VILAS` आणि `SUMAN VILAS JADHAV` यांत क्रम वेगळा आहे, माणूस एकच आहे. श्री., सौ., श्रीमती यांचेही तेच. पतीच्या निधनानंतर ‘सौ.’चे ‘श्रीमती’ झाले म्हणून प्रकरण परत करणे हा तर निव्वळ कोडगेपणा आहे.

मराठी नावाच्या इंग्रजी अक्षरांची गोष्ट थोडी निराळी. `GAIKWAD`, `GAYKWAD` आणि `GAIKAWAD` ही तिन्ही एकाच गायकवाडांची रूपे असू शकतात. जन्मतारीख, पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक आणि फोटो जुळत असताना एवढ्यासाठी राजपत्र मागण्यात अर्थ नाही. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र त्याला पुरेसे मानावे. एक सांगायला हवे. शासकीय कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी लोकांना स्टँप पेपर आणायला पिटाळले जाते. ही माफी बँकेत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला आपोआप लागू होत नाही, म्हणून प्रतिज्ञापत्र कोणासाठी आहे ते त्यातच लिहावे. मात्र आडनावच बदलले असेल, किंवा मधले नाव वडिलांचे जाऊन पतीचे आले असेल, तर प्रतिज्ञापत्रावर भागत नाही आणि भागवूही नये. तिथे राजपत्रच हवे. ही रेघ कोषागारांनी एकदा आखून दिली, तर निम्मी गर्दी कमी होईल.

तिसरी तक्रार बँकांकडे. पासबुकावरचे नाव नोकरीभर बरोबर होते आणि केवायसी नूतनीकरणानंतर अचानक बदलले, अशी प्रकरणे आता वाढली आहेत. केवायसी करताना आधारवरचे नाव जसेच्या तसे खात्यावर उतरते. आधार काढताना केंद्रावरच्या मुलाने मधले नाव गाळलेले असते, किंवा नुसते आद्याक्षर घातलेले असते. तेच आता पासबुकावर येते आणि खातेदाराला कळते ते पुढच्या वेळी पासबुक भरून घेताना. काही ठिकाणी लांब नाव रकान्यात मावत नाही म्हणून अर्धवटच छापले जाते. निवृत्तिवेतनाच्या खात्यावरचे नाव बदलण्याआधी खातेदाराला विचारायला हवे, आणि बदललेच तर जुने व नवे नाव, खाते क्रमांक आणि बदलाची तारीख असलेले शिक्क्याचे पत्र द्यायला हवे. हे एक पत्र पीपीओला जोडलेले असले, की हयातीच्या वेळी वाद राहत नाही.

लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंना ‘जुन्या नावाचे ओळखपत्र चालत नाही’ असे सांगणाऱ्या शाखांना रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांची आठवण करून द्यावी लागते. ओळखपत्र निघाल्यानंतर नाव बदलले असेल, तरी राज्य शासनाने दिलेले विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील सूचना सोबत असल्यास ते ओळखपत्र ग्राह्य धरावे, असे त्यांत स्पष्ट आहे. शाखेने नकार दिला तर तो लेखी मागावा. लेखी मागितल्यावर बरेचदा नकारच मागे घेतला जातो.

चौथा मुद्दा हयातीच्या डिजिटल दाखल्याचा. जीवन प्रमाणमध्ये अंगठा किंवा चेहरा जुळला की मोबाइलवर प्रमाण क्रमांक येतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण त्या क्षणी आधारने एवढेच सांगितलेले असते की हा माणूस तोच आहे. दाखला पुढे निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाकडे जातो, आणि पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक किंवा नाव तिथल्या नोंदीशी जुळले नाही तर तो नाकारला जाऊ शकतो. म्हणून दाखला काढताना नाव पीपीओवर आहे तसे भरावे, आणि काही दिवसांनी त्याच प्रमाण क्रमांकावर दाखला स्वीकारला की नाकारला हे तपासावे. नाकारला असेल तर नोव्हेंबर संपण्याआधी बँकेत यादीवर प्रत्यक्ष सही करावी. हे डिसेंबरात कळले तर उशीर झालेला असतो.

पाचवा मुद्दा आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो आणि त्याच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष असते. तो म्हणजे पीपीओवरचे जोडीदाराचे नाव. कुटुंबाचा तपशील भरताना कर्मचाऱ्याने घाईने ‘सौ. लक्ष्मीबाई’ लिहिलेले असते, आधारवर ‘लक्ष्मी’ असते आणि बँकेत आडनावासह तिसरेच काही. निवृत्तिवेतनधारक हयात असेपर्यंत ही दुरुस्ती सोपी असते, कारण अर्ज तो स्वतः करतो आणि ‘हीच माझी पत्नी’ हे सांगणारा माणूस समोर असतो. त्याच्यामागे तेच काम त्या बाईंना एकटीने, मृत्यू दाखला हातात घेऊन करावे लागते. आपण जिच्यासाठी निवृत्तिवेतन ठेवणार आहोत तिचे नाव पीपीओ, आधार आणि बँक या तिन्ही ठिकाणी अक्षरागणिक एक आहे का, हे प्रत्येकाने या महिन्यातच बघावे. पती-पत्नीचे संयुक्त खाते असेल तर पासबुकावर दोघांची पूर्ण नावे छापून घ्यावीत, दुसऱ्या नावाचे नुसते आद्याक्षर नको.

आता आमच्या मागण्या.

कार्यालयप्रमुखांनी निवृत्तीच्या दोन वर्षे आधी प्रत्येक कर्मचाऱ्याकडून एक पानी नावतक्ता घ्यावा. त्यात सेवापुस्तक, पॅन, आधार आणि पासबुक या चारही ठिकाणचे कर्मचाऱ्याचे नाव आणि जोडीदाराचे आधार व बँकेतले नाव इंग्रजी अक्षरांत असावे. तफावत दिसली तर प्रकरण महालेखापालांकडे जाण्याआधी सेवापुस्तकात नोंद व्हावी. निवृत्तांचे अर्ज ‘आता आमचा संबंध नाही’ म्हणून नाकारू नयेत, कारण सेवापुस्तक आजही कार्यालयाकडेच आहे. नावाच्या घोळाने पीपीओ लांबत असेल, तर तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची तरतूद नियमांत आहे, ती वापरावी.

कोषागारांनी नावाच्या कारणावरून परत केलेल्या प्रत्येक प्रकरणात कोणत्या कागदावर काय आहे, काय हवे आणि त्यासाठी कोणता पुरावा चालेल हे तीन ओळींत लिहून द्यावे. क्रम आणि उपाधी यांची तफावत ही तफावत धरू नये. आणि दुरुस्तीचा प्रस्ताव जावक झाल्याची पोच दाखवणाऱ्याचे चालू निवृत्तिवेतन, तो हयात असल्याची खात्री प्रत्यक्ष पटली असेल तर, केवळ नावासाठी थांबवू नये.

बँकांनी निवृत्तिवेतन खात्यावरचे नाव पूर्वसूचनेशिवाय बदलू नये, बदलल्यास वर सांगितलेले पत्र मागण्याची वाट न पाहता द्यावे, आणि नोव्हेंबरच्या यादीत न जुळणारी नावे आढळली तर ती निवृत्तिवेतनधारकाच्या हाती न सोपवता, यादी परत पाठवताना कोषागाराला कळवावीत.

यांतल्या एकाही मागणीसाठी नवा कायदा किंवा वाढीव निधी लागत नाही. आपण तिघांनी आपापल्या कार्यालयात काय ठरवले, ते येत्या नोव्हेंबरची यादी निघण्याआधी कार्यालयाच्या सूचनाफलकावर लावावे, ही विनंती.

आपले,
काही निवृत्त लेखा व आस्थापना कर्मचारी